'फोर्थ सीट' ड्रॉपचं कॅप्शन: मराठी-इंग्लिश मिक्स कुठे जमतं, कुठे ओढूनताणून वाटतं

प्रश्न: डोंबिवलीत आमचा छोटा स्ट्रीटवेअर ब्रँड आहे. शुक्रवारी रात्री ८ ला नवीन ड्रॉप येतोय, नाव 'फोर्थ सीट', तीन ओव्हरसाइज टीशर्ट आणि एक कार्गो, थीम लोकल ट्रेन. कॅप्शन मराठी-इंग्लिश मिक्स हवंय पण जे लिहितो ते जबरदस्तीचं वाटतं. आत्ता हे आहे: 'हे भावांनो! अवर न्यू ड्रॉप इज हिअर आणि तो आहे एकदम कडक! फील द मुंबई व्हाइब, बिकॉज यू डिझर्व्ह इट. ग्रॅब करा नाऊ!' काय चुकतंय?

उत्तर:

वाक्यांचा सांगाडा इंग्लिश आहे आणि त्यात मराठी शब्द चिकटवलेत, गडबड तिथेच आहे. मी बरीच वर्षं कपड्यांच्या ब्रँडसाठी लिहितेय आणि मिक्स कॅप्शन फसलेलं असलं की दहातल्या नऊ वेळा हेच कारण निघतं. किती टक्के मराठी, किती टक्के इंग्लिश हा हिशोब करूच नका, वाक्य कोणत्या भाषेत उभं आहे ते बघा.

तुमच्या ब्रँडची टीशर्ट घेणारी पोरं एकमेकांशी कशी बोलतात ते आठवा. 'अरे त्यांचा नवीन ड्रॉप आलाय, बघितलास का, पाठीवरची प्रिंट भारी आहे, पण माझी साइज संपली यार.' यात ड्रॉप, प्रिंट, साइज एवढं इंग्लिश, आणि ही सगळी नामं आहेत. आलाय, बघितलास, आहे, संपली ही क्रियापदं मराठी. 'वरची', 'चा', 'का', 'पण' हे जोडकाम पण सगळं मराठी. म्हणजे वस्तूंची आणि खरेदीची नावं इंग्लिशमधून येतात आणि त्यांना धरून ठेवणारं सगळं मराठी असतं, आपण दिवसभर असंच बोलतो आणि कोणालाच ते मिक्स वाटत नाही. तुमच्या ड्राफ्टमध्ये उलटं झालंय. 'इज हिअर', 'फील द', 'यू डिझर्व्ह' ही क्रियापदं इंग्लिश आणि 'कडक', 'भावांनो' हे मराठी शब्द वरून पेरलेले. 'तो आहे एकदम कडक' हे तर शब्द मराठी असूनही इंग्लिश वाक्य आहे, कारण आपण 'एकदम कडक आहे' म्हणतो, आहे शेवटी येतं आणि बोलताना बऱ्याचदा गळूनच जातं.

'ग्रॅब करा' बद्दल वेगळं सांगते. इंग्लिश शब्द घेऊन पुढे 'कर' लावणं ही आपली रोजची पद्धत आहे, ऑर्डर कर, सेव्ह कर, ट्राय कर, एक्स्चेंज कर, सगळं चालतं. पण 'ग्रॅब कर' असं कट्ट्यावर कोणी म्हणत नाही, ते फक्त जाहिरातीत दिसतं. व्याकरण बरोबर असूनही खटकतं ते यामुळे. प्रत्येक इंग्लिश शब्दाला एकच प्रश्न विचारायचा, हा शब्द माझी बहीण किंवा मित्र मराठी बोलताना खरंच वापरतो का? स्टॉक, साइज, फिट, लिंक, ड्रॉप, लूज, एक्स्चेंज हे वापरतात. डिझर्व्ह, ग्रॅब, एलिव्हेट, अनलीश हे नाही वापरत.

प्रत्ययांकडे पण लक्ष द्या. जुन्या इंग्लिश शब्दांना आपण मराठी रूप दिलंय, टेबलाखाली, पेनाने, शर्टाच्या बाहीला. नवीन शब्द मात्र तसेच राहतात आणि प्रत्यय थेट लागतो, ड्रॉपमध्ये, टीशर्टवर, कार्गोला. 'ड्रॉपात' लिहिलंत तर शाळेच्या निबंधाचा वास येईल. शब्दाचं लिंगही पोरं जे बोलतात तेच ठेवायचं, माझी साइज, तो ड्रॉप, ती हुडी आणि दोन असतील तर हुड्या. कार्गोला काही जण 'ती' म्हणतात काही 'तो', तुमच्या ग्रुपमध्ये जे चालतं ते एकदा ठरवा आणि मग सगळ्या पोस्टमध्ये तेच ठेवा, नाहीतर एका स्टोरीत कार्गो आला आणि दुसरीत आली असं होतं.

पूर्ण इंग्लिश तुकडा कुठे चालतो? वाक्य संपल्यावर, वेगळा उभा राहिला तर. 'सोल्ड आउट.' 'नो रिस्टॉक.' हे आपण मराठी बोलता बोलता सहज टाकतो कारण ते स्वतः पूर्ण आहेत. वाक्याच्या पोटात भाषा बदलली की वाचणारा अडखळतो, दोन वाक्यांच्या मधे बदलली तर अडखळत नाही.

आता 'भावांनो'. याच्यावर जरा जास्त वेळ घालवते कारण स्ट्रीटवेअरमध्ये याने खरंच नुकसान होतं. तुमच्या टीशर्ट युनिसेक्स आहेत, ओव्हरसाइज घेणाऱ्या मुली भरपूर आहेत आणि तुम्ही पहिल्या दोन शब्दांत त्यांना बाहेर काढलंत. फक्त 'भावांनो' काढून भागत नाही, कारण मराठीत क्रियापद पण लिंग सांगतं. 'तू घालतोस' लिहिलं की मुलगा, 'घालतेस' लिहिलं की मुलगी, आणि 'घालतोस/घालतेस' असा तिरका दांडा टाकला की बँकेचा फॉर्म झाला. इंग्लिशमधून विचार करणाऱ्याला ही अडचण दिसतच नाही कारण तिकडे ती नाहीये.

पण मराठीत यातून सुटायच्या वाटा भरपूर आहेत आणि त्या अगदी बोलीतल्या आहेत. आज्ञा वापरा: 'घालून बघ', 'सरक जरा', 'साइज चेक कर'. 'शील' वापरा: 'घेशील', 'परत मागशील'. आणि सगळ्यात कामाची वाट म्हणजे भूतकाळातलं असं क्रियापद जे वस्तूप्रमाणे बदलतं, करणाऱ्याप्रमाणे नाही. 'हुडी घेतलीस का?' हे मुलाला पण विचारता येतं आणि मुलीला पण, कारण 'घेतलीस' मधली 'ली' हुडीची आहे. 'ड्रॉप बघितलास का?' तेच, तिथे 'ला' ड्रॉपचा. 'आलास का', 'उठलीस का' मध्ये मात्र माणसाचं लिंग येतं, ते टाळा. 'पाहिजे', 'हवंय', 'आवडलं', 'जमलं' हे पण सुरक्षित: 'कोणाला कुठली साइज हवीये?' एवढं हातात बसलं की तिरक्या दांड्याची गरज पडत नाही आणि कोणाला जाणवत पण नाही की तुम्ही काही टाळलंय.

तू की तुम्ही हे पण इथेच ठरवा. सतरा ते पंचवीस वयाच्या गिऱ्हाइकाला ब्रँडने 'तू' म्हटलेलं चालतं, बरं वाटतं. डिलिव्हरी लेट झाली, रिफंड अडकला, अशा मेसेजमध्ये 'तुम्ही'. एकाच कॅप्शनमध्ये 'बघ' आणि 'ऑर्डर करा' दोन्ही आले की दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखं दिसतं आणि हे फार वेळा होतं, कारण वरचा भाग क्रिएटिव्हवाला लिहितो आणि खालची लिंकची ओळ जुन्या पोस्टमधून कॉपी होते.

स्लँगबद्दल थोडक्यात. 'नाद खुळा', 'विषय हार्ड' ही कोल्हापूरकडची भाषा आहे, 'काऊन बे' नागपूरकडची. डोंबिवलीच्या ब्रँडने लोकल ट्रेनच्या थीमवर 'नाद खुळा' टाकलं तर शब्द चुकीच्या गावचा वाटतो, आणि कोल्हापूरचा माणूस तर पहिल्या झटक्यात ओळखतो. तुमच्याकडे तुमचं आहे की. लोकलने जाणारा माणूस रोज जे बोलतो ते जाहिरातीत कोणी फारसं आणत नाही म्हणून ते ताजं आहे. आणि एका कॅप्शनमध्ये स्लँगचा एकच शब्द. कडक, भारी, एक नंबर, राडा सगळं एकत्र आलं की ओरडणारा दुकानदार ऐकू येतो. विशेषण मुळात कमीच लागतं, टीशर्ट कडक आहे हे तुम्ही नाही सांगायचं, ते कमेंटमध्ये दुसऱ्याने सांगायला पाहिजे.

आता तुमचंच कॅप्शन घेऊन बसू. तुमच्या हातात नाव सोन्यासारखं आहे आणि ड्राफ्टमध्ये ते कुठेच वापरलेलं नाही. सेकंड क्लासचा बाक तिघांचा, चौथा माणूस कडेला अर्धा टेकतो आणि त्याआधी एक वाक्य म्हणतो, 'जरा सरकून घ्या'. तिघं न बघता सरकतात. हे वाक्य कर्जत-कसाऱ्यापासून विरारपर्यंत प्रत्येकाने म्हटलंय किंवा ऐकलंय. मग 'मुंबई व्हाइब' लिहायची गरजच काय, हे वाक्य लिहिलं की व्हाइब आपोआप आला. पहिली ओळ तीच.

पहिल्या ओळीला महत्त्व देतेय कारण फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळी दिसतात आणि बाकीचं 'मोअर' च्या मागे जातं, बरीच जणं ते दाबतच नाहीत. म्हणून पहिल्या दोन ओळीत दोन गोष्टी बसायला हव्यात, थांबवणारं वाक्य आणि तारीख-वेळ. तुमच्या ड्राफ्टमध्ये वेळ कुठेच नव्हती. देवनागरीत लिहिताना ओळ अजून छोटी ठेवा, कारण आपल्याला वाटतं त्याआधीच ओळ कापली जाऊ शकते. पोस्ट करायच्या आधी स्वतःच्या फोनवर आणि एखाद्या छोट्या स्क्रीनच्या फोनवर, दोन्हीकडे बघा कुठे कापतंय ते.

मी असं लिहीन, जीएसएम आणि साइज मी धरून चाललेय, तुमचे खरे आकडे टाका:

'जरा सरकून घ्या.
फोर्थ सीट ड्रॉप. शुक्रवारी रात्री ८ ला.

तीन ओव्हरसाइज टी, एक कार्गो. कॉटन २४० जीएसएमचं, म्हणजे जाडच आहे, पण फिट एवढा लूज की गर्दीत पण अंगाला चिकटत नाही. हँडल पकडायला हात वर केला तरी पोट दिसत नाही, लेंथ तेवढी ठेवलीये.

दोन साइजमध्ये कन्फ्युजन असेल तर छोटी घे.
एस ते डबल एक्सएल. लिंक बायोमध्ये. नो रिस्टॉक.'

एकेक ओळ का तशी आहे ते सांगते. 'घ्या' आहे आणि खाली 'घे' आहे, वर मी दोन्ही मिसळू नका म्हटलं होतं, पण इथे पहिलं वाक्य डब्यातल्या माणसाचं आहे, अनोळखी माणसाशी आपण तसंच बोलतो, आणि तिथे 'सरक जरा' लिहिलं तर भांडण वाटेल. दुसऱ्या ओळीपासून ब्रँड बोलतो, तो शेवटपर्यंत 'तू' वरच आहे. दुसऱ्या ओळीत क्रियापद नाहीये, कारण 'येतोय' लिहिलं नाही तरी समजतं आणि ओळ छोटी राहते.

'जाडच आहे' मधला 'च' काढून वाचून बघा, वाक्य लगेच कॅटलॉगचं होतं. मराठी बोलीचा टोन 'च', 'ना', 'की', 'पण', 'तरी' यांच्यात असतो. स्लँग न टाकता पण कॅप्शन बोलल्यासारखं वाटतं ते यांच्यामुळे, म्हणून शब्द कमी करताना आधी विशेषणं कापा, हे सगळ्यात शेवटी.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. नेहमीची टीशर्ट १८० च्या आसपास असते, ओव्हरसाइजला २२० ते २४० घेतात म्हणजे खांद्यावरून कापड नीट पडतं. स्ट्रीटवेअर घेणाऱ्यांना हा आकडा माहीत असतो आणि ते कमेंटमध्ये विचारतातच, त्यामुळे तो आधीच द्या. पण मुंबईच्या उकाड्यात २४० म्हटलं की पुढचा प्रश्न गरमीचा येणार, म्हणून त्याच वाक्यात जाड असल्याचं कबूल करून फिटचं सांगितलंय. 'प्रीमियम क्वालिटी फॅब्रिक' असं लिहिलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

हँडलवालं वाक्य मला या कॅप्शनमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण थीम आणि माल तिथे एकत्र येतात. पण ते खरं असेल तरच लिहा. बॉक्सी कट असेल तर लेंथ कमी असते आणि हात वर केल्यावर टीशर्ट सरळ वर जाते. तुमची सगळ्यात छोटी साइज एखाद्या उंच मित्राला घालायला द्या, दाराच्या चौकटीला हात लावायला सांगा, पोट दिसलं तर हे वाक्य काढून टाका आणि दुसरं खरं काहीतरी शोधा, खिशाचं, कॉलरचं, कार्गोच्या साइड पॉकेटमध्ये फोन आणि पास दोन्ही राहतात का ते. 'नो रिस्टॉक' चं पण तसंच. ड्रॉप चालला की पुढच्या महिन्यात परत काढायचा मोह होतो, आणि मग पुढच्या वेळी कोणी घाई करत नाही. खात्री नसेल तर 'रिस्टॉकचं अजून ठरलं नाही' असं साधं लिहा.

आता लिपी. पोरं चॅटमध्ये रोमनमध्ये मराठी टाइप करतात, म्हणून कॅप्शन पण रोमनमध्ये टाकावं का हा प्रश्न प्रत्येक ब्रँड विचारतो. टाकू शकता, पण रोमनमध्ये 'पण' आणि 'पान', 'मला' आणि 'माळा' सारखंच दिसतं, वाचणारा एका क्षणासाठी थांबतो आणि छोट्या ओळीत तो क्षण महाग पडतो. शिवाय प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. मी देवनागरीच घेते, इंग्लिश शब्दांसकट, आणि अधूनमधून लिपी बदलत नाही. फक्त ब्रँडचं हँडल आणि हॅशटॅग जसं टाइप होतं तसं ठेवायचं, कारण लोक ते शोधतात.

देवनागरीत इंग्लिश शब्द लिहिताना हिंदी स्पेलिंग आत येतं, त्याच्यावर नजर ठेवा. मराठीत 'व्हाइब', 'लव्ह', 'ओव्हर', हिंदीत 'वाइब', 'लव', 'ओवर'. फोनचा कीबोर्ड हिंदीवर सेट असेल तर तो हिंदी सुचवतो आणि आपण घाईत तसंच घेतो. मराठी वाचणाऱ्याला ते खुपतं, बऱ्याच जणांना कारण सांगता येत नाही पण ब्रँड बाहेरचा वाटायला लागतो. 'ॲ' आणि 'ऑ' पण बघून घ्या, ड्रॉपचा ड्राप झालेला मी पोस्टरवर पाहिलाय. आणि हो, पोस्टरवर देवनागरी टाकणार असाल तर डिझाइनरकडून आलेल्या फायनल फाइलमध्ये जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट वाचा, सॉफ्टवेअरची सेटिंग बरोबर नसेल तर र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. कॅप्शन एडिट करता येतं, इमेजवर छापलेलं नाही येत.

पोस्ट करायच्या आधी एक टेस्ट करा. पॅकिंग करणाऱ्या किंवा शूटला आलेल्या एखाद्या मुलीला कॅप्शन एकदा वाचायला द्या, फोन परत घ्या आणि म्हणा, हे तुझ्या मैत्रिणीला व्हॉइस नोटवर सांग. ती जे शब्द बदलते ते बदला. ती 'लेंथ' ऐवजी 'उंची' म्हणाली तर उंची. एखादं वाक्य पूर्ण गाळलं तर बहुतेक ते लागतच नव्हतं. मोठ्याने वाचायला लावण्यापेक्षा हे बरं, कारण समोर मजकूर असला की माणूस बातम्या वाचल्यासारखा वाचतो.

टाकल्यावर लाइकवरून फार काही कळत नाही, ते फोटोचे असतात. कमेंट वाचा. 'कधी आहे?', 'प्राइस?' असं बरेच जण विचारत असतील तर माहिती लपलीये, वर आणा. लोक मित्राला टॅग करून 'सरक जरा' लिहीत असतील तर ओळ लागली, मग स्टोरीत आणि पार्सलच्या स्टिकरवर तीच वापरा, नवीन ओळ शोधत बसू नका.

एक मर्यादा मात्र आहे या नावाची. नाशिक, नागपूर, कोल्हापूरचं गिऱ्हाईक असेल तर त्यांना फोर्थ सीट कळेलच असं नाही. म्हणून कॅप्शन लांबवू नका, समजावलं की पहिल्या ओळीची हवा जाते. त्यापेक्षा कॅरोसेलची दुसरी स्लाइड घ्या, बाकावर बसलेल्या तिघांचा आणि कडेला टेकलेल्या चौथ्याचा फोटो, खाली फक्त 'सीट तिघांची. बसणार चौघं.' ज्याला माहीत आहे तो हसून पुढे जाईल आणि ज्याला नाही त्याला फोटोतच कळेल, आणि तिथेही टीशर्ट त्या चौथ्याच्याच अंगावर असू दे, पाठ कॅमेऱ्याकडे, म्हणजे प्रिंट पण दिसेल.